३१ मार्चला नोकरी सोडून वर्षभर थांबायचंय. आखणीत काय चुकतंय ते सांगा

मुळशीकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

वय ३९, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. जावा बॅकएंड, गेली तीन वर्षं टीम लीड. सध्याच्या कंपनीत १ सप्टेंबर २०२१ला लागलो. पगार वर्षाला २४ लाख, त्यातले दीड लाख व्हेरिएबल, ते जूनच्या पगारात येतात. बायको कॉलेजात शिकवते, तिच्या हातात महिन्याला ५२ हजार पडतात. लेक आठवीत. गृहकर्जाचा हप्ता ३८ हजार.

वडिलांची फार वर्षांची इच्छा आहे पायी नर्मदा परिक्रमेची. ते आता ६८ वर्षांचे आहेत, तब्येत ठणठणीत आहे, पण अजून पाच वर्षांनी असेल का ते सांगता येत नाही. मला त्यांच्याबरोबर चालायचंय. पाच महिने त्यात जातील, उरलेला वेळ घरी, लेकीबरोबर आणि थोडा अभ्यासाला. नोकरीला कंटाळलेलो नाही, काम आवडतं. वर्षभराने याच कामात, याच पातळीवर परत यायचंय.

ठरवलंय ते असं: डिसेंबरअखेर राजीनामा, ९० दिवसांचा नोटीस पिरियड, ३१ मार्च २०२६ शेवटचा दिवस. आर्थिक वर्ष संपतं म्हणजे हिशेब सुटसुटीत. बारा महिन्यांचा खर्च बाजूला काढलाय. पीएफ काढून कर्जात भरावा असाही विचार आहे. १ एप्रिल २०२७पासून परत नोकरी.

प्रश्न एवढाच की परत येताना मागे पडू नये म्हणून जाण्याआधी काय करून ठेवायला हवं? ज्यांनी ठरवून असा ब्रेक घेतलाय त्यांचे अनुभव हवेत.

---

जाई_जुई

वडिलांसोबत परिक्रमा! वाचूनच छान वाटलं. प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण धागा वाचत राहणार.

---

सुखवस्तू

मी ४५व्या वर्षी निवृत्त झालो. वार्षिक खर्चाच्या तीसपट रक्कम साठली की पुन्हा नोकरीचं तोंड बघायची गरज नाही. तुमचा खर्च महिना ९० हजार धरला तर सव्वातीन कोटी लागतील. म्युच्युअल फंडात...

---

मुळशीकर

@सुखवस्तू, धन्यवाद, पण मला निवृत्त व्हायचं नाहीये हो. एका वर्षाने परत यायचंय.

---

हिशेबनीस

३१ मार्च ही तारीख तुम्हाला सोयीची वाटतेय, पण तुमच्या बाबतीत वर्षातली ती सगळ्यात महागडी तारीख आहे. दोन कारणं सांगतो.

पहिलं, ग्रॅच्युइटी. १ सप्टेंबर २०२१ ते ३१ मार्च २०२६ म्हणजे चार वर्षं सात महिने. पाच वर्षं भरत नाहीत. मूळ पगार महिना ८० हजार असेल असं धरलं तर ८० हजार गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे साधारण २ लाख ३० हजार रुपये तुम्ही पाच महिन्यांसाठी टेबलावर सोडून जाताय.

दुसरं, आयकर. एप्रिल ते मार्च घरी बसलात तर एक अख्खं आर्थिक वर्ष शून्य उत्पन्नाचं जातं आणि परत आल्यावरच्या वर्षाला पूर्ण २४ लाखांवर कर लागतो. नव्या पद्धतीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन २३ लाख २५ हजारांवर, सेस धरून २ लाख ९२ हजार ५००. तोच ब्रेक ऑक्टोबर ते सप्टेंबर घेतलात तर दोन आर्थिक वर्षांत प्रत्येकी सहा महिन्यांचा, म्हणजे साधारण १२-१२ लाखांचा पगार येतो. वजावट जाऊन सव्वाअकरा लाख. १२ लाखांपर्यंत रिबेट असल्यामुळे दोन्ही वर्षी कर शून्य. थांबायचं तेवढंच, कमवायचं तेवढंच, आणि जवळजवळ तीन लाखांचा फरक. बजेटमध्ये स्लॅब बदलले नाहीत असं धरून हे लिहितोय.

मात्र यात जागा फार थोडी आहे. व्हेरिएबल एप्रिल ते सप्टेंबरच्या अर्ध्यातच येतं, त्यामुळे पहिल्या वर्षी वजावटीनंतर तुम्ही बरोबर १२ लाखांच्या काठावर बसता. बाजूला काढलेल्या पैशावरचं एफडीचं व्याज आलं की काठ ओलांडला. घाबरू नका, थोडंसंच वर गेलात तर १२ लाखांच्या वर जेवढी रक्कम जाईल साधारण तेवढाच कर बसतो. पण शेअर विकून अल्पकालीन नफा केलात तर त्याच्यावर हा रिबेट मिळत नाही. त्यासाठी लागणारी विक्री आधी किंवा नंतर करा.

---

नवा_गडी

@हिशेबनीस, ग्रॅच्युइटीचं जुनं झालं. २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, आता एका वर्षात ग्रॅच्युइटी मिळते. बातम्यांत आलंय सगळीकडे.

---

हिशेबनीस

@नवा_गडी, बातमी अर्धी वाचली गेलीय. एक वर्षाची सोय मुदतीच्या करारावर नेमलेल्यांसाठी आहे. कायम नोकरीत असणाऱ्यांना पाच वर्षं आजही लागतातच. मुळशीकरांच्या नेमणूकपत्रात शेवटची तारीख नसेल तर त्यांना ते लागू नाही.

संहितेमुळे एक गोष्ट मात्र बदलतेय. एकूण मोबदल्याच्या निम्मी रक्कम तरी वेतन म्हणून धरावी लागणार, त्यामुळे ग्रॅच्युइटीचा आकडा मी लिहिला त्याहून थोडा वाढू शकतो.

---

नवा_गडी

बरं झालं सांगितलंत, मी मित्रालाही हेच सांगून बसलो होतो. आत्ताच फोन करतो त्याला. पण चार वर्षं २४० दिवस झाले तरी पाच धरतात ना?

---

हिशेबनीस

मद्रास उच्च न्यायालयाचा तसा निकाल आहे आणि काही कंपन्या तो मानतात. काही मानत नाहीत, मग तुम्ही अर्ज घेऊन कामगार खात्याच्या पायऱ्या चढा. ब्रेकच्या वर्षात तो व्याप कोण करणार? पाच महिन्यांनी प्रश्नच मिटत असेल तर मी तिकडे जाणार नाही.

---

रेवाकाठी

मी परिक्रमा केलीय, म्हणून लिहिते. एप्रिलमध्ये निघू नका. ६८ वर्षांच्या माणसाला घेऊन तर नाहीच. निमाडात एप्रिल-मे म्हणजे सकाळी नऊनंतर पाऊल टाकवत नाही. आणि आषाढी एकादशीला चातुर्मास सुरू झाला की परिक्रमा थांबते, आहात तिथे मुक्काम. तुमचे पाच महिने त्यात तुटतील.

परिक्रमा उचलायची ती कार्तिकी एकादशीनंतर. २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे कार्तिकी उशिरा, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात येतेय. आम्ही ओंकारेश्वरहून निघालो होतो. थंडीचे तीन महिने भरपूर चालून होतं, उन्हं तापायच्या आत मोठा पल्ला मागे पडतो. वडिलांना आतापासून रोज आठ-दहा किलोमीटर चालायला लावा, तेही पाठीवर पिशवी घेऊन. नुसतं चालणं आणि ओझ्यासकट चालणं यात फार फरक आहे.

---

मुळशीकर

बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मी तुला कार्तिकीचं दिवाळीतच सांगितलं होतं, तू कॉम्प्युटरमध्ये बघत होतास."

@हिशेबनीस, डोळे उघडले. ३० सप्टेंबरवर नेतो मग. नेमणूक कायम आहे, मूळ पगार तुम्ही धरलात तेवढाच. ९० दिवस मागे मोजले तर २ जुलैला राजीनामा. व्हेरिएबलही हातात पडलेलं असेल.

---

तोतयाचा_भाऊ

हे सगळं करायच्या आधी कंपनीकडे बिनपगारी दीर्घ रजा का मागत नाही? आमच्याकडे सबॅटिकल धोरण आहे, एका वर्षापर्यंत. कराचा फायदा तसाच मिळतो, नोकरी तुटत नाही, ग्रॅच्युइटीची वर्षं चालू राहतात. परत यायला जागा तयार. राजीनामा देण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

---

अनुजा_प

मी भरती करते, बारा वर्षं झाली, जास्त करून याच क्षेत्रात. रजेबद्दल थोडं वेगळं मत आहे.

रजेवरून परतलेला माणूस नोकरीत परततो, स्वतःच्या कामावर परततोच असं नाही. तो गेला त्या आठवड्यात त्याची टीम दुसऱ्या कोणाला तरी दिलेली असते, आणि वर्षभराने ती काढून याला परत देणं कोणत्याही मॅनेजरला जड जातं. मग त्याला जिथे जागा असेल तिथे बसवतात. त्या वर्षाचं अप्रेझल कोरं, पगार होता तिथेच. शिवाय रजेच्या काळात बाहेरचं कामही करता येत नाही, करारच तसा असतो. मुळशीकरांना "याच पातळीवर" यायचंय, म्हणून हे लिहिलं. धोरण लेखी असेल आणि परतीची श्रेणी त्यात लिहिलेली असेल तर रजा जरूर घ्यावी. नुसत्या "बघू, ये तू" वर घेऊ नये.

आता बाहेरून परत येणाऱ्याबद्दल. एका वर्षाच्या ब्रेकमुळे मी आजवर कोणाचा बायोडेटा बाजूला ठेवलेला नाही. बाजूला ठेवते तो तारखा झाकलेला. २०२५ ते २०२७ असं वर्षातच लिहायचं, महिने गाळायचे, आणि पार्श्वभूमी तपासणीत पीएफच्या नोंदीवरून सगळं उघडं पडायचं. त्यापेक्षा एक ओळ लिहा: कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, नियोजित ब्रेक, वडिलांसोबत नर्मदा परिक्रमा. संपलं. मुलाखतीत त्यावर दोन मिनिटं बोलणं होतं, तेही कुतूहलाने.

आणि एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. आमच्याकडे ९० दिवसांचा नोटीस पिरियड असल्यामुळे कंपन्या मेटाकुटीला आलेल्या असतात. ऑफर घेतलेला माणूस तीन महिन्यांत तीन ऑफर जमवून चौथीकडे जातो. लगेच रुजू होऊ शकणारा लीड मिळाला तर त्याचा बायोडेटा वर येतो. तुम्ही परत याल तेव्हा तो माणूस तुम्ही असाल.

---

तोतयाचा_भाऊ

@अनुजा_प, तुमचं म्हणणं भरती करणाऱ्याच्या बाजूने बरोबर असेल. पण आमच्या टीममधली एक जण अकरा महिन्यांची रजा घेऊन त्याच जागी परत आली. बाजार पडलेला असताना हातात नोकरी असणं ही लहान गोष्ट नाही. मी माझ्या मतावर ठाम आहे.

---

कऱ्हाकाठ

मी अगदी हेच केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मीही बॅकएंडलाच.

एप्रिल २०२२ला सोडलं. तेव्हा बाजार असा होता की रोज दोन-तीन फोन यायचे. मनात धरलं होतं, परत यायला महिना पुरे. कारण गावाकडचं घर बांधायचं होतं, ते बांधलं. २०२३च्या मार्चमध्ये शोधायला लागलो तर फोन बंद. सगळीकडे कपात चालू, भरती गोठलेली. नोकरी मिळाली ऑगस्टअखेर. पाच महिने. पैसे बारा महिन्यांचे होते, शेवटचे चार महिने भावाकडून घेतले. बारा महिन्यांच्या ब्रेकला अठरा महिन्यांचा पैसा लागतो हे मी कोणालाही सांगेन. वर्षभरानंतरचा बाजार आज कोणालाच दिसत नाही.

दुसरी चूक जास्त लागली. पहिल्या दोन मुलाखतींत मी चक्क नापास झालो. तंत्रज्ञान विसरलो होतो असं नाही, ते तीन आठवड्यांत परत आलं. पण त्यांनी विचारलं, "तुमच्या सिस्टिमवर सेकंदाला किती रिक्वेस्ट येत होत्या? डेटाबेस वेगळा केलात तेव्हा आधी काय मोजलंत? तो निर्णय आज कसा वाटतो?" आणि मला आकडे आठवेनात. सहा वर्षं ज्या सिस्टिममध्ये रात्री जागवल्या तिच्याबद्दल मी "बऱ्यापैकी लोड होता" असं बोलत होतो. समोरच्याला वाटणार की याने काम केलेलंच नाही. लॅपटॉप परत गेलेला, मेल बंद, विचारायचं कोणाला?

तिसऱ्या मुलाखतीच्या आधी जुन्या दोन सहकाऱ्यांना चहाला बोलावलं आणि दोन तास बसून एकेक प्रसंग आठवून वहीत उतरवला. कोणत्या दिवाळीला पेमेंटची रांग तुंबली, किती मिनिटं बंद होतं, कारण काय निघालं, मी काय ठरवलं. त्या वहीवर पुढच्या सगळ्या मुलाखती दिल्या.

म्हणून मुळशीकर, नोटीस पिरियडमध्ये सगळे हँडओव्हरची कागदपत्रं कंपनीसाठी लिहितात. रोज अर्धा तास स्वतःसाठीही लिहा. आपल्याच हस्ताक्षरात, वहीत. गेल्या तीन-चार वर्षांतली आठ-दहा कामं, प्रत्येकाला एक पान. अडचण काय होती, पर्याय कोणते होते, कोणता निवडला, आकडा आधी किती नंतर किती, काय फसलं. कोड, ग्राहकांची नावं, कंपनीचे दस्तऐवज यातलं काहीही बाहेर नेऊ नका, ते चूक आहे आणि अंगाशी येतं. आपण काय विचार केला तो आपला असतो.

---

अनुजा_प

@कऱ्हाकाठ यांच्या वहीला माझ्याकडून +१. ब्रेकनंतर येणाऱ्यांपैकी जे अडखळतात ते बहुतेक इथेच अडखळतात. "आम्ही केलं" असं सांगत राहतात, "मी काय केलं" ते सांगता येत नाही.

---

मुळशीकर

आजच वही आणली, दोनशे पानी. पहिलं पान लिहायला बसलो तर गेल्या वर्षीच्या एका कामाचे आकडे आत्ताच आठवत नव्हते, आणि मी अजून त्याच कंपनीत बसलोय! उद्या डॅशबोर्डवर बघून आकडे पक्के करतो, मग लिहितो.

---

खडूफळा

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. आमच्याकडे असाधारण रजा असते, बिनपगारी, पण नोकरी शाबूत. वेतनवाढ मात्र पुढे ढकलली जाते. एका सहकाऱ्याने घेतली होती, परत आल्यावर शाळा बदलली एवढंच. तुमच्या खाजगीत एवढी तारेवरची कसरत असते हे माहीत नव्हतं.

---

सई_लोणावळा

एक वेगळी बाजू मांडते, राग मानू नका. मी बाळंतपणानंतर चौदा महिने थांबले. मुलाखतीत "आता घर कसं सांभाळणार" हेच विचारलं गेलं, कामाबद्दल नंतर. मुळशीकरांना परिक्रमेबद्दल कुतूहलाने विचारतील, हे अनुजाताईंनीच लिहिलंय. त्याच लांबीचा ब्रेक, पण वाचला वेगळा जातो. ज्या बायका हा धागा वाचून आखणी करतील त्यांना हे माहीत असावं.

---

अनुजा_प

@सई_लोणावळा, खरं आहे. मी स्वतः त्या खोलीत बसून तो प्रश्न थांबवलाय, आणि काही वेळा थांबवू शकलेले नाही. बायकांसाठी परतीचे वेगळे कार्यक्रम काही मोठ्या कंपन्यांत आहेत, टाटा समूहाचा तर २००८पासून आहे. पण तिथून येताना अनेकदा खालच्या श्रेणीवर किंवा ठरावीक महिन्यांच्या प्रकल्पावर घेतात. एकाच वर्षाचा ब्रेक असेल तर मी आधी थेट अर्ज करायला सांगते, तो दरवाजा नंतर.

---

सातासमुद्रापार

अवांतर: इथे अमेरिकेत एच-१बीवर असलेल्यांनी हा धागा वाचून हुरळून जाऊ नये. नोकरी सुटली की साधारण ६० दिवस मिळतात, त्यात दुसरा मालक सापडला नाही तर देश सोडायचा. माझे वडील गेल्या वर्षी गेले. त्यांच्याबरोबर पाच महिने चालणं मला जमलं नसतं, पाच आठवडेही जमले नाहीत. मुळशीकर, जा तुम्ही.

---

मुळशीकर

@सातासमुद्रापार, बाबांना तुमचा प्रतिसाद सांगितला. तुमच्या वडिलांचं नाव घेऊन एक दिवा सोडू असं म्हणाले.

---

डॉक्टरीण_नाशिक

कोणी आरोग्यविम्याबद्दल बोलत नाहीये. मुळशीकर, कंपनीचा विमा शेवटच्या दिवशी संपतो. घरात कोणाला काही आजार?

---

मुळशीकर

मला तीन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी आहे. बायको आणि लेकीला काही नाही. बाबांची वेगळी पॉलिसी जुनी आहे. मी विचार केला होता की नोकरी सुटली की घेऊ एखादी.

---

डॉक्टरीण_नाशिक

तसं करू नका. नवी पॉलिसी घेतली की अपघात सोडून पहिले ३० दिवस काहीच मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशयातले खडे अशा ठरावीक आजारांना बहुतेक ठिकाणी दोन वर्षं थांबावं लागतं. आणि आधीपासून असलेल्या आजाराला, म्हणजे तुमच्या रक्तदाबाला, तीन वर्षांपर्यंत.

माझ्याकडे एक रुग्ण आला होता, नोकरी सोडून चार महिने झालेले. पित्ताशयाचं ऑपरेशन. पॉलिसी नवी, दावा नामंजूर. ब्रेकसाठी ठेवलेल्या पैशातून बिल भरलं आणि तो ठरल्यापेक्षा खूप आधी कामावर गेला.

दोन रस्ते आहेत. नोकरीत असतानाच, म्हणजे आत्ताच, कुटुंबाची स्वतःची पॉलिसी घ्या. तुमच्या नव्या तारखेपर्यंत नऊ-दहा महिने त्यात भरतील. किंवा कंपनीचा गट विमा ज्या विमा कंपनीचा आहे तिच्याकडेच वैयक्तिक पॉलिसीत बदलून घ्या, मग गटात काढलेली वर्षं प्रतीक्षेतून वजा होतात. पण तो अर्ज कव्हर चालू असताना करायचा, शेवटच्या दिवसानंतर एचआर तुमचा फोन उचलेलच असं नाही. गोळीचं अर्जात स्पष्ट लिहा.

---

हिशेबनीस

विम्याचं मी विसरलो होतो, आभार. पीएफचं राहिलं होतं, तेवढं सांगतो.

मुळशीकर, पीएफ काढून कर्जात टाकू नका. पैसे खात्यात राहिले तरी व्याज चालू राहतं. फक्त नोकरी नसलेल्या काळातलं व्याज करपात्र असतं, तेवढं रिटर्नमध्ये दाखवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पेन्शनचा भाग. तो काढून घेतलात तर तेवढी सेवेची वर्षं पुसली जातात, आणि पेन्शनला दहा वर्षं लागतात. हात लावू नका, नव्या नोकरीत तोच यूएएन द्या.

नोकरी सुटल्यावर पोर्टलवर जाऊन जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलीय का ते बघा. भरली नसेल तर दोन महिन्यांनंतर `Manage` मध्ये `Mark Exit` ने स्वतः भरता येते. तारीख न भरल्यामुळे नव्या कंपनीत रुजू होताना अडकलेले लोक मी पाहिलेत, कारण नोंदीत तुम्ही अजून जुन्याच ठिकाणी कामाला दिसता. हे परिक्रमेला निघण्याआधी जमलं नाही तर परत आल्यावर लगेच उरकून टाका.

आणि टॉप-अप कर्ज, नवं कार्ड, भाड्याचं घर, जे काही पगारपत्रकावर मिळतं ते राजीनाम्याच्या आधी.

---

वकीलसाहेब_सातारा

उशिरा आलो. एक धोका कोणी बोललेला दिसत नाही. २ जुलैला राजीनामा दिलात आणि कंपनी म्हणाली, "नोटीस माफ, ३१ जुलैला मोकळे", तर? अनेक करारांत तसा अधिकार कंपनीला असतो. पाच वर्षं ३१ ऑगस्टला पूर्ण होतात. एका महिन्यासाठी ग्रॅच्युइटी हुकेल, नाहीतर मग त्या २४० दिवसांच्या वादात पडावं लागेल. करार काढून ते कलम वाचा.

---

मुळशीकर

वाचलं. "कंपनीच्या मर्जीनुसार नोटीस कालावधी कमी करता येईल" असं स्पष्ट लिहिलंय. आणि गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या टीममधल्या एकाला तीन आठवड्यांत मोकळं केलं होतं, ते आठवलं.

---

हिशेबनीस

मग हिशेब पुन्हा मांडू. १ सप्टेंबर २०२६ला राजीनामा, म्हणजे पाच वर्षं पदरात पडल्यावर. शेवटचा दिवस ३० नोव्हेंबर. त्या आर्थिक वर्षात आठ महिन्यांचा पगार, व्हेरिएबलसकट साधारण साडेसोळा लाख. कर येईल सव्वा लाखाच्या आसपास. डिसेंबर २०२७मध्ये परत रुजू झालात तर दुसऱ्या वर्षी चारच महिन्यांचा पगार, कर शून्य. म्हणजे सप्टेंबरअखेरच्या तारखेपेक्षा सव्वा लाख जास्त जातात, पण सव्वादोन लाखांची ग्रॅच्युइटी कोणाच्या मर्जीवर राहत नाही.

आणखी एक बारकावा आहे. एप्रिलपासून कंपनी पूर्ण वर्षाच्या पगारावर दरमहा टीडीएस कापत राहील, कारण तुम्ही जाणार हे तिला माहीत नाही. राजीनाम्यानंतर पुढच्या पगारांत थोडं जुळवून घेतील, उरलेलं २०२७मध्ये रिटर्न भरल्यावर परत येईल. तो परतावा नेमका तुमच्या ब्रेकच्या शेवटच्या महिन्यांत येईल, हात आखडलेला असताना. म्हणून रिटर्न शेवटच्या तारखेला न भरता, फॉर्म हातात पडला की भरा.

---

रेवाकाठी

३० नोव्हेंबर चालेल. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ओंकारेश्वरला पोचलात तरी पुरे. शेवटचा टप्पा उन्हात येईल, तेव्हा पहाटे चारला निघून नऊला थांबायचं. आणि वडिलांच्या गतीने चाला, तुमच्या नाही.

---

तोतयाचा_भाऊ

आणि रजा? विचारणार की नाही?

---

मुळशीकर

विचारणार, पण जूनचं व्हेरिएबल हातात पडल्यावर. धोरण लेखी आहे का ते एचआरच्या पोर्टलवर पाहिलं: "व्यवस्थापनाच्या संमतीने" एवढंच आहे, श्रेणीबद्दल काही नाही. जुलैत मॅनेजरशी बोलेन.

---

तोतयाचा_भाऊ

जुलै उशीर होईल. आता बोललात तर त्यांना सोय करायला वेळ मिळेल, आणि चांगला मॅनेजर असेल तर तो तुमच्यासाठी भांडेल.

---

अनुजा_प

मी व्हेरिएबलनंतरच म्हणेन. "जाणार आहे" हे कळलेल्या माणसाचं रेटिंग काय होतं ते मी पाहिलंय. पण तुमच्या मॅनेजरला तुम्ही ओळखता, आम्ही नाही.

---

कऱ्हाकाठ

एक राहिलं. परत यायची तयारी शेवटच्या महिन्यात सुरू करू नका. डिसेंबर २०२७ला रुजू व्हायचं तर ऑगस्टमध्ये लोकांना फोन सुरू करा. पोर्टलवर अर्ज टाकण्याआधी दहा माणसं, ज्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलंय. मला शेवटी नोकरी अशाच एका फोनवरून मिळाली, शंभरेक अर्ज टाकून मिळाली नव्हती. त्या दहा जणांची यादी आत्ताच वहीच्या शेवटच्या पानावर लिहा, खाजगी नंबरांसकट. नंबर ऑफिसच्या चॅटमध्ये राहिले की गेले.

---

मुळशीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा काढला तेव्हा तारीख पक्की आहे असं समजून बसलो होतो, आता तिच्यातलं काहीच उरलं नाही.

सध्या ठरलंय ते असं. कुटुंबाची पॉलिसी या महिन्यातच, रक्तदाब लिहून. पीएफला हात नाही. खर्चाचं पुन्हा मांडलं: घरखर्च हप्त्यासकट ९० हजार, बायकोचे ५२ वजा जाता महिना ३८ हजारांची तूट. बाराऐवजी अठरा महिने धरले तर ६ लाख ८४ हजार. त्यात विम्याचा हप्ता आणि बाबांच्या औषधपाण्याचे वेगळे. माझ्याकडे साडेपाच जमलेत, सप्टेंबरपर्यंत जमतील. राजीनामा १ सप्टेंबरला. रजेचं मॅनेजरशी कधी बोलायचं हे अजून ठरत नाहीये, दोन्ही बाजू पटतात.

एकच गोष्ट खटकतेय. डिसेंबर २०२७ला परत रुजू होईन तेव्हा लेक दहावीत असेल, परीक्षेला तीन महिने. मूळ बेतात ते वर्ष मोकळं नव्हतंच, पण नवी नोकरी नेमकी त्याच वेळी सुरू होईल. बायको म्हणते, अठरा महिन्यांचे पैसे असतील तर मार्चनंतर रुजू हो. मला त्याची जरा धास्ती वाटते. कोणी सोळा महिन्यांनी परत आलंय का?

---

सई_लोणावळा

मी चौदा. व्यनि करते.

---

मुळशीकर

धन्यवाद. बाबा आज पाठीवर पाच किलो तांदूळ घेऊन सहा किलोमीटर चालून आले. उद्यापासून मीही जातोय.